आधी गावाची डाळ करून द्या, ब्रँडचं नंतर बघू

"ताई, नमस्कार. जालना जिल्ह्यात आमचा बारा जणींचा बचत गट आहे. सहा वर्षं झाली, हप्ता कधी थकला नाही, गटाकडे आज 1 लाख 40 हजार शिल्लक आहेत. मागे लोणच्याच्या बाटल्या केल्या, त्यातल्या निम्म्या आम्हीच घरी खाल्ल्या. गावात तूर भरपूर, म्हणून डाळ मिल घ्यावी असं सहा जणी म्हणतात. बाकीच्या म्हणतात, यंत्राच्या नादी लागू नका, मसाला-पापडच बरा. यंत्रवाल्याने 3 लाखांचं कोटेशन दिलंय. अनुदान मिळतं म्हणतो, आणि दिवाळीनंतर भाव वाढेल म्हणून बुकिंगची घाई करतो. आपल्या डाळीचा ब्रँड काढून शहरात विकावी असं माझ्या मनात आहे. पण काम आणि वाटा बाराही जणींना सारखा हवा, नाहीतर गट फुटेल. काय करावं?" – गटाची सचिव

ताई,

लोणच्याचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण मी तिथेच थांबले. त्या बाटल्या का उरल्या? चव बिघडली असं तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा, की बाटल्या आधी भरल्या आणि घेणारं माणूस नंतर शोधायला निघालात. आता ब्रँडचं जे मनात आहे, त्यातही क्रम तोच राहिलाय. फरक एवढाच की लोणच्यात काही हजार अडकले होते, डाळीत लाखावर अडकतील.

डाळीचा विचार मला पटतो. मसाला-पापडात तुमच्यासारखे गट तालुक्यात आधीच खूप आहेत, आणि मिरची-हळद तुम्ही विकतच आणणार. तूर तुमच्या दारात आहे. पण डाळ मिल म्हणजे डाळ विकायचा धंदा, असं आपण धरून चालतो. तिचा दुसरा धंदा आहे, जुना आणि कमी जोखमीचा: लोकांची तूर घ्यायची, डाळ करून परत द्यायची आणि किलोमागे पैसे घ्यायचे. पिठाची गिरणी जसं दळून देते तसं. गिरणीवाला गहू विकत घेत नाही, म्हणून गव्हाचा भाव पडला तरी त्याची झोप उडत नाही.

दोन्ही वाटांचा हिशेब समोरासमोर ठेवू. 2025-26 साठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये आहे, तोच धरते. एक क्विंटल तुरीतून लहान मिलवर नीट काम झालं तर 70 ते 75 किलो डाळ मिळते. आपण 72 धरू. उरलेल्या 28 किलोत साधारण 10 किलो कळणा, 13 किलो टरफल, 2 किलो काडीकचरा आणि बारीक दाणे, आणि 3 किलो वाळताना उडालेलं पाणी नि धूळ. तूर 8,000, डाळ करण्याचा खर्च 500, पोती-पिशव्या-वाहतूक 300, असे 8,800 झाले. कळणा-टरफल जनावरांसाठी विकून 400 आले तर राहिले 8,400. भागिले 72, म्हणजे डाळ घरातच किलोला 117 रुपयांना पडली. शहरात 130 ला गेली तर क्विंटलमागे साडेनऊशेच्या आसपास सुटतील. बरं वाटतं. पण 20 क्विंटल तुरीसाठी 1 लाख 60 हजार आधी मोजावे लागतील, म्हणजे गटाची सगळी शिल्लक आणि वर 20 हजार. दुकानदार उधारीवर मागणार. आणि मधल्या दोन महिन्यांत बाजार उतरला तर तुमचे 117 काही खाली येत नाहीत.

तुरीचा बाजार किती उतरतो हे आपल्या भागाने पाहिलंय. 2015 मध्ये डाळ 200 रुपयांवर गेली. पुढच्या पावसाळ्यात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि 2017 च्या सुरुवातीला 5,050 हमीभाव असलेली तूर बाजारात त्याच्या कितीतरी खाली गेली. खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा होत्या, बारदाना संपला म्हणून मापं बंद पडत होती. ज्यांनी आदल्या वर्षीच्या भावाने तूर भरून ठेवली होती, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. त्याच वर्षी जो लोकांची तूर डाळ करून देत होता, त्याला उलट जास्त काम मिळालं असतं, कारण भाव पडला की शेतकरी घरात तूर जास्त ठेवतो.

म्हणून माझं पहिलं उत्तर हे: डाळ मिल जरूर मनात ठेवा, पण पहिली दोन वर्षं सेवा विका, डाळ नको.

आता यंत्राचं. कोटेशनवर ताशी एक क्विंटल किंवा त्याच्या आसपासचा आकडा असेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल किंवा तिच्यासारखी यंत्रं या मापाची असतात. तो आकडा वाचून आपण दिवसाचे तास गुणतो आणि आठ-दहा क्विंटल रोजचे धरतो. पण तुरीचं टरफल डाळीला गोंदासारखं चिकटलेलं असतं, ते नुसतं रोलरमधून काढून सुटत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या एका अंगणात मी फेब्रुवारीत बसून हे काम पाहिलं होतं. आधी तूर चाळून सारख्या दाण्याची केली. मग एमरीच्या खरखरीत रोलरमधून एकदा काढली, तेव्हा डाळ झाली नाही, दाण्यावर फक्त चरे पडले. त्या दाण्याला क्विंटलमागे अर्धा किलो गोडं तेल हातांनी चोळलं आणि रात्रभर ढीग झाकून ठेवला. चऱ्यांतून तेल आत उतरतं आणि टरफलाची पकड सैल होते. मग दोन दिवस ऊन. मग क्विंटलला तीन-चार लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर ढीग, आणि पुन्हा एक दिवस ऊन. त्यानंतर मिलमध्ये टाकली तेव्हा डाळ पडली. जे दाणे सोलले गेले पण फुटले नाहीत तो गोटा, तो वेगळा निघाला आणि परत फिरवला.

तिथली एक काकू ढिगातून दाणा उचलायची, दाताखाली धरायची आणि कान देऊन ऐकायची. कट्ट आवाज आला तर पुढे. दाणा नुसता दबला, आवाज आला नाही, तर म्हणायची, "अजून एक ऊन दे." तिचं न ऐकता संध्याकाळच्या घाईत एक पोतं मिलमध्ये टाकलं गेलं, आणि त्यातून डाळीऐवजी चपटे तुकडे आणि गोटाच जास्त आला. त्या क्विंटलभराच्या पोत्याला 62 किलो डाळ मिळाली. यंत्र तेच, तूर तीच, फक्त एक ऊन कमी होतं.

यावरून तुम्हाला दिसेल की तुमचं काम यंत्राच्या वेगावर नाही, वाळवणाच्या जागेवर चालणार आहे. एक क्विंटल तूर बोटभर जाडीची पसरली तर साधारण 5 चौरस मीटर जागा लागते. रोज 6 क्विंटल घेतली आणि प्रत्येक क्विंटल एकूण तीन दिवस उन्हात राहिली, तर एका वेळी 18 क्विंटल पसरलेली असेल. म्हणजे 90 चौरस मीटर, हजार चौरस फुटांच्या आसपास, आणि मधून चालायला वाट वेगळी. ती जागा सारवलेली किंवा फरशीची हवी, शेळ्या-कोंबड्यांपासून राखलेली हवी, आणि मार्चमध्ये अवकाळी आलं तर दहा मिनिटांत सगळं गोळा करून आत नेता येईल अशी हवी. तुमच्यात कोणाच्या दारात एवढं खळं आहे? मी तुमच्या जागी असते तर कोटेशनच्या आधी ही जागा पायांनी मोजली असती.

आणि हंगाम. तूर डिसेंबरअखेरीपासून निघते, वाळवण मे महिन्यापर्यंत होतं, पाऊस लागला की बंद. मार्च-एप्रिलमध्ये हरभऱ्याची डाळ करता येते, ती तुरीपेक्षा सोपी. तरी कामाचे दिवस शंभर धरा, त्यापेक्षा जास्त नको.

या शंभर दिवसांत यंत्र स्वतःचा हप्ता काढतं का, ते पाहू. यातले दर मी हिशेबासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या तालुक्यातले घाला. डाळ करून देण्याचे किलो तुरीला 5 रुपये, म्हणजे क्विंटलला 500. तीन बायकांची मजुरी प्रत्येकी 350 रुपये रोज, दिवसाला 6 क्विंटल, म्हणजे क्विंटलला 175. तेल आणि वीज 110. चाळण्या, पट्टे, रोलरची झीज यांना 15. खर्च 300, हातात राहिले 200. आता 3 लाखांतले 30 हजार गटाचे आणि 2 लाख 70 हजारांचं कर्ज पाच वर्षांसाठी 11 टक्क्यांनी घेतलं, तर वर्षाचा हप्ता 70 हजारांच्या आसपास येतो. 70 हजार भागिले 200, म्हणजे 350 क्विंटल. जागेला वर्षाचं 10 हजार भाडं द्यावं लागलं तर 400. रोज 6 क्विंटलने 400 क्विंटल म्हणजे 67 दिवस. शंभर दिवसांत बसतं, पण सैल नाही.

मग 400 क्विंटल येणार कुठून? तुमच्या गावात 300 घरं आहेत असं समजू. त्यातल्या 200 घरांत तूर होते आणि प्रत्येक घर वर्षाच्या डाळीसाठी 60 किलो ठेवतं. एवढ्याने 120 क्विंटल होतात. बाकीची तूर बाजारात जाते, ती तुमच्याकडे येणार नाही. म्हणजे एका गावावर मिल चालत नाही, आजूबाजूची आणखी दोन-तीन गावं लागतात. आणि त्यातल्या एखाद्या गावात दुसरा गट याच विक्रेत्याकडून याच वर्षी मिल घेत असेल, तर दोघांचंही गणित बसत नाही. हे विक्रेता सांगणार नाही. ग्रामसंघाच्या आणि प्रभागसंघाच्या बैठकीत विचारा. एकाच मिलमागे तीन गावांचे गट एकत्र आले तर ते सगळ्यांत बरं, आणि शेजारी शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर यंत्र त्यांचं आणि चालवणं तुमचं, असाही करार होऊ शकतो.

अनुदानाबद्दल नीट समजून घ्या. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत, म्हणजे 2020 पासूनच्या पीएमएफएमईत, प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के अनुदान आहे. तुमच्या 3 लाखांवर ते 1 लाख 5 हजार होतं. पण ते कर्जाला जोडलेलं असतं. बँकेने कर्ज मंजूर केल्यावर ते बँकेत वेगळं जमा राहतं आणि तीन वर्षं खातं सुरळीत चाललं तरच कर्जात वळतं होतं. म्हणजे पहिली तीन वर्षं ते तुमच्या हातात नाही, आणि हप्ता थकला तर मिळेलच असं नाही. म्हणून वरच्या हिशेबात मी ते धरलंच नाही. अनुदानाशिवाय गणित बसत असेल तरच अर्ज करा. याच योजनेत अन्नप्रक्रियेत काम करणाऱ्या गटाच्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीज भांडवलाचीही सोय ठेवलेली आहे. सध्या अर्ज घेतले जात आहेत का, ते तालुका कृषी कार्यालयात आणि उमेदच्या तुमच्या समन्वयकाकडे विचारा. विक्रेत्याच्या तोंडून नको.

हे एवढ्या जोर देऊन सांगते, कारण एका गटाचं दुखणं मी जवळून पाहिलंय. अनुदान सुटेल या भरवशावर त्यांनी यंत्र आणलं. ते ठेवलं एका सदस्याच्या घरी, आणि बिल निघालं तिच्या नवऱ्याच्या नावाने. पहिल्याच हंगामात एमरी रोलर झिजला. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं होतं. नवीन थर चढवायला रोलर कुठे न्यायचा हेच कोणाला माहीत नव्हतं. मी गेले तेव्हा यंत्रावर खताच्या पोत्यांचं पांघरूण होतं आणि गटाचा हप्ता बायका मजुरीतून भरत होत्या. तेव्हापासून मी तीन गोष्टी आधी विचारते. बिल गटाच्या नावाने आहे का, आणि तसा ठराव वहीत लिहिलाय का. रोलर झिजला तर तो भरून देणारं दुकान कोणत्या गावात आहे. आणि वीज कुठून घेणार. शेतीपंपाच्या जोडणीवर मिल चालवता येत नाही, पकडलं तर दंड होतो. थ्री फेज वेगळी जोडणी घ्यायला किती दिवस आणि किती पैसे लागतात, ते महावितरणच्या उपविभागात जाऊन विचारून या.

तुम्ही म्हणाल, मग एवढी चौकशी करता करता हा हंगाम जाईल. जाऊ देऊ नका. पहिला हंगाम यंत्राशिवाय करा.

जानेवारीत तुमच्या बारा घरांची आणि शेजारपाजारची मिळून 20 क्विंटल तूर गोळा करा. तालुक्याच्या ठिकाणी किंवा जवळच्या मोठ्या गावात चालू मिल असेलच, तिच्या मालकाशी बोला: चरे पाडून द्या, तेल-पाण्याचं आणि वाळवणाचं आम्ही करतो, मग तयार तूर आणतो, डाळ पाडून द्या. दोन फेऱ्या होतील, म्हणून पाच-पाच क्विंटलच्या खेपा करा, म्हणजे टेम्पो भरून जाईल. घरांकडून किलोला 6 रुपये घ्या. मिलवाल्याला 3 रुपये 50 पैसे, टेम्पोला 80 पैसे गेले तर 1 रुपया 70 पैसे राहतात. 20 क्विंटलचे 3,400. तेल घरोघरच्यांनी आपापलं द्यायचं असं ठरवा, नाहीतर तेही यातूनच जाईल. कमाई म्हणून हे किरकोळ आहे, मजुरीसुद्धा सुटणार नाही, आणि बारा जणींना हे आधीच स्पष्ट सांगा. पण दाणा कधी वाजतो, तुमच्या अंगणात दिवसाला खरोखर किती क्विंटल वाळतं, गावातल्या बायका 6 रुपये द्यायला तयार आहेत की कुरकुरतात, आणि कोण उन्हात टिकतं, हे तुम्हाला तीन लाख न घालता कळेल.

या खेपांमध्येच भांडणाचं मूळ दिसेल, ते आधीच सांगते. तूर एकमेकांत मिसळायची नाही. आपल्या शेतातलीच डाळ परत मिळावी यासाठीच लोक तुमच्याकडे येणार आहेत. आमच्याकडे बीडीएन 711 ची पांढरी तूर आणि बीएसएमआर 736 ची लाल तूर शेजारी शेजारी येते, लाल देणारीच्या डाळीत पांढऱ्याची साल दिसली तरी ती दुसऱ्यांदा येणार नाही. म्हणून एका घराची किमान 50 किलो घ्या. त्याहून कमी असेल तर दोन जावांनी किंवा शेजारणींनी एकाच वाणाची तूर मिळून आणावी.

दुसरं भांडण वजनाचं. "मी क्विंटलभर दिली, 70 किलोच आली, बाकीची कुठे गेली?" हा प्रश्न प्रत्येक अंगणात येतो, आणि उत्तर तयार नसलं तर गट बदनाम होतो. मघाच्या अंगणातही एक आजी अशाच अडून बसल्या होत्या. काकूंनी काही न बोलता त्यांच्या नावाची चार गाठोडी काट्यावर ठेवली: डाळ, गोटा, कळणा, टरफल. आजींनी बेरीज केली आणि कळण्याचं गाठोडं म्हशीसाठी काखेत मारून निघाल्या. तुम्हीही चारही वजनं पावतीवर लिहून द्या, आणि कळणा-टरफल ज्याचं त्याला परत करा. कोणाला नको असेल तर पैसे देऊन विकत घ्या, ठेवून घेऊ नका. त्यात थोडे पैसे जातील, विश्वास मात्र टिकेल. तूर घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून बघा. दाण्याला भोकं दिसली, भुंगा लागलेला असला, तर समोरच्या बाईला तिथेच दाखवा आणि पावतीवर लिहा, कारण त्या तुरीची डाळ कमीच येणार आणि दोष तुमच्यावर येणार.

आता सारखं काम, सारखा वाटा. तुमच्या गटाची सगळ्यांत जपण्यासारखी गोष्ट तीच आहे असं तुम्हाला वाटतं, ते मला समजतं. पण रोज 6 क्विंटलच्या कामाला तीन जणी पुरतात, त्यातलीच एक पावत्या आणि काट्यावर. बारा जणी आल्या तर क्विंटलमागची मजुरी 175 वरून 700 होईल. आणि ज्यांच्या घरी लहान लेकरू आहे, ज्यांचं कंबरेचं दुखणं आहे, त्यांना पोती उचलायला लावणं हाही न्याय नाही. मजुरी आणि वाटा वेगळे करा. जी आली तिला त्या दिवसाची मजुरी, त्याच संध्याकाळी किंवा आठवड्याच्या बाजाराला, हजेरी वहीप्रमाणे. यंत्र, हप्ता, झीज सगळं भागून हंगामाच्या शेवटी जे उरेल ते बाराही जणींत सारखं. घरातून न हलणारी एखादी फोनवरून गावोगावच्या तारखा लावू शकते, त्या कामाचीही मजुरी ठरवा. हे ठराव वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. गट फुटतात ते बहुधा वाटा कमी-जास्त झाल्याने नाही, तर आधी न ठरलेली गोष्ट कोणीतरी नंतर ठरवल्यामुळे.

पापड-मसाल्याच्या बाजूच्या सहा जणींना यात ओढू नका. हा पहिला हंगाम तुम्ही सहा जणींनी करा, त्यांनी वही बघावी. पुढच्या बैठकीत त्यांचा "यंत्राच्या नादी लागू नका" हा मुद्दा आकड्यांसकट पुन्हा मांडू द्या. तो मुद्दा मला चुकीचा वाटत नाही, थोडा लवकर मांडला गेलाय एवढंच.

दुसऱ्या वर्षी यंत्र घेतलंत तर मे-जूनचाही विचार करून ठेवा. पेरणीच्या आधी घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवणाऱ्यांना ते निवडून हवं असतं. त्यासाठी गोल वळत खाली उतरणाऱ्या पन्हाळीचा स्पायरल सेपरेटर मिळतो. त्याला वीज लागत नाही, गोल दाणा बाहेरच्या बाजूने जातो, चपटा-फुटका आत राहतो. गिऱ्हाईक तेच, काटा तोच, पावती पुस्तक तेच.

आणि तुमचा ब्रँड. तो मी मोडीत काढत नाही. दोन हंगाम डाळ करून दिल्यावर तुमच्या हाताला दाणा कळलेला असेल, तेव्हा सुरुवात 2 क्विंटल तुरीने करा, 20 ने नको. संभाजीनगरला, पुण्याला जी तुमच्या गावची माणसं आहेत, त्यांच्याकडून जानेवारीतच मागणी आणि निम्मे पैसे घ्या, आणि तेवढीच तूर भरा. तुमची डाळ बाजारातल्या पॉलिश केलेल्या डाळीएवढी चकचकीत दिसणार नाही, थोडी मळकट पिवळी दिसेल, कडेला सालीचा ठिपका असेल. हे पाकिटावर नाही, फोनवर आधी सांगा आणि पाव किलो शिजवून बघायला पाठवा. अन्नसुरक्षेची नोंदणी मात्र पहिली पिशवी विकण्याआधीच करा. लहान उलाढालीला साधी नोंदणी पुरते आणि ती ऑनलाइन होते. सगळी डाळ पावसाळ्याच्या आत गिऱ्हाइकाच्या घरी गेली पाहिजे, नाहीतर जूनमध्ये भुंगा लागेल. 117 चा आकडा त्या वर्षीच्या तुरीच्या भावाने नव्याने काढा आणि त्याच्या खाली कोणालाही देऊ नका, भावालासुद्धा.

राहिला यंत्रवाला. त्याला बुकिंगचे पैसे आता देऊ नका. म्हणा, जानेवारीत आमची दोन पोती तूर घेऊन येतो, एक पांढरी आणि एक लाल, दोन्हीची डाळ आमच्यासमोर करून दाखवा आणि चारही वजनं लिहून द्या. त्याने आधीच विकलेल्या दोन गटांची गावं विचारा आणि न सांगता तिथे जाऊन या. दिवाळीनंतर भाव वाढतो म्हणाला तर वाढू द्या.